जादा कापलेला आयकर आणि दुरुस्तीचे पत्र
थकबाकीच्या एका उदाहरणावरून पगारदारांसाठी व आहरण-संवितरण अधिकाऱ्यांसाठी विवेचन

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घाट उतरून सिपना नदीच्या खोऱ्यात शिरला, की सेमाडोह लागते. चिखलदरा तालुक्यातील हे गाव मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील मुक्कामाचे ठिकाण म्हणून पर्यटकांना परिचित आहे. तथापि, गावात व आसपासच्या पाड्यांत शिक्षक, वनरक्षक, आरोग्य कर्मचारी, लिपिक असे कितीतरी नोकरदार वर्षानुवर्षे राहून काम करीत असतात. त्यांचे वेतन देयक तयार होते ते दूरच्या कार्यालयात. देयकातील एखाद्या रकान्यात चूक झाली, तर कर्मचाऱ्याला ती कळते बँकेत पगार जमा झाल्यावर. आणि लेखा शाखेत जाऊन विचारावयाचे, तर एक दिवसाची रजा खर्ची पडते. अशा ठिकाणी नीट लिहिलेला एक अर्जच कर्मचाऱ्याचे काम करतो.

प्रस्तुत लेखात अशाच एका अर्जाचा विचार केला आहे. वेतनातून नियमापेक्षा अधिक आयकर कापला गेला, तर लेखा शाखेकडे काय मागावे, कशाच्या आधारे मागावे आणि केव्हापर्यंत मागावे, हे एका उदाहरणावरून स्पष्ट केले आहे. उदाहरणातील कर्मचारी व त्याचे आकडे कल्पित आहेत. कायद्यातील तरतुदी व कराचे दर मात्र त्या त्या वर्षाचे प्रत्यक्ष दर आहेत.

जादा कपात कशी झाली?

आदिवासी व नक्षलग्रस्त क्षेत्रात काम करणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्यांना त्या क्षेत्रात असेपर्यंत एकस्तर वरची वेतनश्रेणी देण्याची तरतूद महाराष्ट्र शासनाच्या ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने झाली. मेळघाटातील कर्मचाऱ्यांत ही योजना 'एकस्तर' या नावानेच ओळखली जाते. पुष्कळदा असे होते, की कर्मचारी रुजू होतो, वेतननिश्चितीचे प्रकरण या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते, आणि मंजुरी मिळते ती दोन-तीन वर्षांनी. मग मागील सर्व फरक एकाच देयकात हाती येतो. आपले उदाहरण अशाच फरकाचे आहे.

सेमाडोह येथे नेमणुकीस असलेल्या एका राज्य शासकीय कर्मचाऱ्याचे वेतन २०२४-२५ या वित्तीय वर्षात दरमहा ५४,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ६,४८,००० रुपये होते. नव्या करप्रणालीत त्या वर्षी पगारदारास ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट होती. ती वजा जाता करपात्र उत्पन्न ५,७३,००० रुपये राहिले. सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर त्या वर्षी कलम ८७-अ खाली पूर्ण करमाफी असल्यामुळे त्याला एक रुपयाही कर लागत नव्हता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला एकस्तर वेतनाची थकबाकी मिळाली. ती २०२१-२२, २०२२-२३ व २०२३-२४ या तीन वर्षांची, दरमहा ५,००० रुपये फरकाने दरसाल ६०,००० रुपये, अशी एकूण १,८०,००० रुपये होती. लेखा शाखेने ही सारी रक्कम चालू वर्षाच्या पगारात मिळविली. एकूण वेतन ८,२८,००० रुपये व प्रमाणित वजावटीनंतरचे उत्पन्न ७,५३,००० रुपये झाले. सात लाखांची मर्यादा ओलांडली गेल्यामुळे करमाफी संपली. तीन ते सात लाखांवर पाच टक्क्यांनी २०,००० रुपये, वरच्या ५३,००० रुपयांवर दहा टक्क्यांनी ५,३०० रुपये, असा २५,३०० रुपये कर आणि त्यावर चार टक्के उपकर १,०१२ रुपये, मिळून २६,३१२ रुपये आकारणी झाली.

शाखेने थकबाकीच्या देयकातून १०,००० रुपये कापले. उरलेले १६,३१२ रुपये नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी व फेब्रुवारी या चार महिन्यांच्या वेतनातून दरमहा ४,०७८ रुपये याप्रमाणे कापावयाचे ठरविले. नोव्हेंबरचा पगार डिसेंबरच्या आरंभी जमा झाला, तेव्हा त्यात ४,०७८ रुपये कमी आले आणि कर्मचाऱ्याच्या ध्यानात ही गोष्ट आली.

लेखा शाखेची बेरीज-वजाबाकी चुकली नव्हती. थकबाकी ज्या वर्षी मिळते त्या वर्षीच्या उत्पन्नात ती धरावी लागते, हेही खरेच. राहून गेली ती पुढची पायरी.

कलम ८९ ची सवलत

मागील वर्षांचे वेतन एकदम मिळाल्यामुळे कर वाढत असेल, तर वाढलेल्या करापुरती सवलत द्यावी, असे आयकर अधिनियम, १९६१ चे कलम ८९ सांगते. तिची मोजणी नियम २१-अ मध्ये दिली आहे. त्यातील तत्त्व साध्या शब्दांत असे: थकबाकीमुळे चालू वर्षी किती कर वाढला ते काढावे, तीच थकबाकी ज्या त्या वर्षी वेळेवर मिळाली असती, तर त्या त्या वर्षी किती कर वाढला असता ते काढावे, पहिली रक्कम दुसरीपेक्षा जितकी अधिक, तितकी सवलत. ही सवलत नव्या करप्रणालीतील पगारदारासही मिळते.

आता आपल्या कर्मचाऱ्याचे गणित मांडू. चालू वर्षी थकबाकीशिवाय कर शून्य, थकबाकीसह २६,३१२ रुपये. म्हणजे वाढ २६,३१२ रुपये.

२०२३-२४ मध्ये त्याचे वेतन ६,२४,००० रुपये होते. त्या वर्षी नव्या प्रणालीतील प्रमाणित वजावट ५०,००० रुपये होती. करपात्र उत्पन्न ५,७४,००० रुपये. त्यात ६०,००० मिळविले तरी ६,३४,००० रुपयेच होतात. सात लाखांच्या आत असल्यामुळे दोन्ही वेळा कर शून्य. वाढ काहीच नाही.

२०२२-२३ मध्ये तो जुन्या प्रणालीत होता. भविष्य निर्वाह निधी, विमा आदी वजावटी जाता करपात्र उत्पन्न ४,६०,००० रुपये होते. जुन्या प्रणालीत पाच लाखांपर्यंत करमाफी असल्याने त्याने कर भरला नव्हता. परंतु ६०,००० रुपये वेळेवर मिळाले असते, तर उत्पन्न ५,२०,००० रुपये होऊन करमाफी गेली असती. पहिल्या पाच लाखांवर १२,५०० रुपये, वरच्या वीस हजारांवर वीस टक्क्यांनी ४,००० रुपये व उपकर ६६० रुपये, असा १७,१६० रुपये कर लागला असता. वाढ १७,१६० रुपये.

२०२१-२२ मध्ये, त्याच प्रणालीत, करपात्र उत्पन्न ४,१०,००० रुपये होते. थकबाकीसह ४,७०,००० रुपये. पाच लाखांच्या आत असल्याने वाढ शून्य.

तिन्ही वर्षांची मिळून वाढ १७,१६० रुपये. चालू वर्षाची वाढ २६,३१२ रुपये. फरक ९,१५२ रुपये. एवढीच कलम ८९ ची सवलत. आणि वर्षाचा खरा देय कर २६,३१२ नव्हे, तर १७,१६० रुपये.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. 'मागील वर्षी मला कर नव्हता, म्हणून थकबाकीवरही कर नको' अशी पुष्कळांची समजूत असते. वरील गणितात एका वर्षी उत्पन्न पाच लाखांच्या रेषेपलीकडे वीस हजारांनी गेले आणि त्या एका वर्षाने १७,१६० रुपयांचा भार आणला. एखाद्याची मागील सर्व वर्षे वीस टक्क्यांच्या टप्प्यात असतील, तर सवलत शून्यही निघू शकते. यास्तव अर्ज लिहिण्यापूर्वी प्रत्येक वर्षाचे गणित स्वतः करून पाहणे अगत्याचे आहे. त्यासाठी मागील वर्षांची आयकर विवरणे किंवा नमुना १६ हाताशी असला म्हणजे पुरे.

कापलेली रक्कम कोठे जाते?

अर्जात नेमके काय मागावे हे ठरविण्यासाठी कापलेल्या कराचा प्रवास समजला पाहिजे. राज्य शासनाच्या कार्यालयात आहरण व संवितरण अधिकारी वेतन देयक कोषागारात सादर करतात. देयक पारित होते तेव्हा निव्वळ वेतन बँकेत जाते. आयकराची रक्कम रोखीने कोणाच्याही हाती येत नाही. ती पुस्तकी समायोजनाने केंद्र शासनाच्या खाती जमा दाखविली जाते. कोषागार दर महिन्यास या जमा रकमांचे विवरण नमुना २४-जी मध्ये पाठविते आणि त्यावरून प्रत्येक कार्यालयाला पुस्तक ओळख क्रमांक मिळतो. पुढे कार्यालय दर तिमाहीस नमुना २४-क्यू भरते. त्यात कोणत्या कर्मचाऱ्याच्या स्थायी लेखा क्रमांकावर किती कर कापला, हे नमूद असते.

यावरून स्पष्ट होईल, की एकदा देयक पारित झाले म्हणजे ती रक्कम कार्यालयाच्या तिजोरीत राहत नाही. 'जादा कापलेले पैसे परत द्यावेत' असा अर्ज केला, तर लेखा शाखा प्रामाणिकपणे 'आमच्याकडे तशी तरतूद नाही' असे उत्तर देईल, आणि ते उत्तर बरोबरच असेल.

मागावयाचे ते समायोजन. १९६१ च्या अधिनियमाच्या कलम १९२ च्या पोटकलम (३) प्रमाणे, त्याच वित्तीय वर्षात आधी झालेली जादा वा कमी कपात पुढच्या कपातीच्या वेळी कमी-जास्त करून भरून काढण्याची मुभा वेतन देणाऱ्यास आहे. म्हणजे ज्या हाताने दरमहा कर कापला जातो, त्याच हाताने तो पुढच्या महिन्यात कमी कापता येतो. त्याच कलमाचे पोटकलम (२-अ) शासकीय कर्मचाऱ्याला, तसेच स्थानिक प्राधिकरण, सहकारी संस्था, विद्यापीठ, कंपनी आदींच्या कर्मचाऱ्याला, थकबाकीचा तपशील विहित नमुन्यात कार्यालयाकडे देण्याचा अधिकार देते. तसा तपशील मिळाल्यावर कार्यालयाने सवलत मोजून ती कपातीत हिशेबात घ्यावी, असे कायद्याचे शब्द आहेत. हा विहित नमुना म्हणजे नमुना १०-ई. जिल्हा परिषदेचे शिक्षकही या तरतुदीत येतात.

अर्जाचा मसुदा

वरील कर्मचाऱ्याने नोव्हेंबरचा पगार पाहून, डिसेंबरचे देयक तयार होण्यापूर्वी, पुढीलप्रमाणे अर्ज दिला असे समजू.

प्रति,
मा. आहरण व संवितरण अधिकारी,
(कार्यालयाचे नाव व पत्ता)

विषय : सन २०२४-२५ मध्ये वेतनातून जादा होत असलेल्या आयकर कपातीचे समायोजन करण्याबाबत.

संदर्भ : १) माझ्या एकस्तर वेतन थकबाकीचे देयक, माहे नोव्हेंबर २०२४. २) आयकर अधिनियम, १९६१, कलमे ८९, १९२ (२-अ) व १९२ (३).

महोदय,

उपरोक्त विषयाबाबत सविनय सादर करण्यात येते, की मला नोव्हेंबर २०२४ मध्ये सन २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांची वेतन थकबाकी रु. १,८०,००० अदा करण्यात आली. सदर रक्कम चालू वर्षाच्या उत्पन्नात धरून माझा वार्षिक आयकर रु. २६,३१२ असा काढण्यात आला आहे. त्यापैकी थकबाकी देयकातून रु. १०,००० व नोव्हेंबरच्या वेतनातून रु. ४,०७८ असे एकूण रु. १४,०७८ कापण्यात आले आहेत.

सदर थकबाकीवर कलम ८९ अन्वये मला रु. ९,१५२ इतकी सवलत अनुज्ञेय होते. वर्षनिहाय गणना सोबत जोडली आहे. ही सवलत विचारात घेता माझा या वर्षाचा देय कर रु. १७,१६० इतका होतो. आजवरची कपात वजा जाता रु. ३,०८२ एवढीच कपात शिल्लक राहते.

सबब विनंती, की डिसेंबर २०२४ च्या वेतनातून रु. १,०२८ आणि जानेवारी व फेब्रुवारी २०२५ च्या वेतनातून प्रत्येकी रु. १,०२७ याप्रमाणे कपात करण्यात यावी, तसेच सदर सवलत चौथ्या तिमाहीच्या नमुना २४-क्यू मध्ये व माझ्या नमुना १६ मध्ये दर्शविण्यात यावी. मागणी मान्य करण्यात अडचण असल्यास, ती कारणासह लेखी कळवावी, ही विनंती.

सोबत : १) नमुना १०-ई मधील तपशील. २) वर्षनिहाय थकबाकी दर्शविणारे देयकाचे विवरणपत्र. ३) तिन्ही वर्षांची आयकर विवरणे. ४) नोव्हेंबर २०२४ ची वेतन चिठ्ठी.

आपला विश्वासू,
(नाव, पदनाम, स्थायी लेखा क्रमांक, सेवार्थ क्रमांक, दिनांक)

या मसुद्यात तक्रारीचा सूर नाही, कोणाला दोष दिलेला नाही. तथापि, मागणी नेमकी आहे: कोणत्या महिन्यात किती कापावे, हे रुपयांत सांगितले आहे. लिपिकाने तो आकडा तपासावयाचा आणि देयकात घालावयाचा, एवढेच काम उरते. वर्षनिहाय थकबाकी दर्शविणारे विवरणपत्र हा या अर्जाचा कणा होय. एकूण १,८०,००० रुपयांपैकी कोणत्या वर्षाचे किती, याचा कार्यालयीन पुरावा नसेल, तर बाकीचे सर्व गणित निराधार ठरते. थकबाकीच्या देयकासोबत असे विवरणपत्र तयार झालेलेच असते. त्याची प्रत मागून घ्यावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व दिनांक घेण्यास विसरू नये.

कार्यालयाने काय करावे?

असा अर्ज आल्यावर पुष्कळ लेखा लिपिक व अधिकारी साशंक होतात. कर कमी कापला आणि पुढे तो कमी पडला असे ठरले, तर कार्यालयच कसूरदार धरले जाईल व व्याज भरावे लागेल, ही त्यांची भीती असते. ती निराधार नाही. कमी कपात केल्यास दरमहा एक टक्का व्याजाची तरतूद कलम २०१ मध्ये होतीच. म्हणून 'आता पूर्ण कापून ठेवू, तुम्ही विवरण भरून परतावा घ्या' असे तोंडी उत्तर मिळते.

परंतु वर सांगितल्याप्रमाणे, थकबाकीचा तपशील विहित नमुन्यात मिळाल्यावर सवलत मोजणे हे कार्यालयाच्या मर्जीवर सोडलेले काम नाही. कार्यालयाचे संरक्षण जादा कपातीत नसून कागदपत्रांत आहे. नमुना १०-ई चा तपशील, थकबाकीचे विवरणपत्र आणि मागील वर्षांची विवरणे यांवरून लेखा शाखेने स्वतः एकदा गणना करावी, त्या गणनापत्रकावर स्वाक्षरी करून ते धारिकेत ठेवावे व त्याप्रमाणे कपात करावी. पुढे विचारणा झाली, तर हेच पत्रक उत्तर असते.

गणना तपासताना चुका साधारणपणे दोन ठिकाणी सापडतात. पहिली म्हणजे मागील वर्षांना चालू वर्षाचे दर लावले जातात; वास्तविक प्रत्येक वर्षाला त्या वर्षाचेच दर, त्याच वर्षाची करमाफीची मर्यादा आणि कर्मचाऱ्याने त्या वर्षी स्वीकारलेली प्रणाली लावावयाची असते. वरील उदाहरणात २०२२-२३ ला सात लाखांची मर्यादा चुकून लावली असती, तर त्या वर्षाची वाढ शून्य दिसून सवलत २६,३१२ रुपये निघाली असती आणि कपात १७,१६० रुपयांनी कमी पडली असती. दुसरी चूक म्हणजे थकबाकी मागील वर्षाच्या एकूण वेतनात न मिळविता तिच्यावर स्वतंत्रपणे कर काढणे. थकबाकी नेहमी त्या वर्षीच्या करपात्र उत्पन्नाच्या वर ठेवावयाची असते. तिच्यामुळे उत्पन्नाने कोणती रेषा ओलांडली हेच पाहावयाचे असते.

विलंबाची किंमत

समायोजनाला वित्तीय वर्षाची सीमा आहे. शासकीय कार्यालयात मार्चचे वेतन एप्रिलमध्ये मिळते व ते पुढील वर्षात धरले जाते. म्हणून चालू वर्षातील शेवटचे देयक फेब्रुवारीच्या वेतनाचे असते. त्यानंतर कार्यालयाच्या हातात समायोजन करण्यास काहीच उरत नाही.

आपल्या कर्मचाऱ्याने अर्ज डिसेंबरच्या देयकापूर्वी दिला म्हणून संपूर्ण ९,१५२ रुपयांचे समायोजन तीन महिन्यांत झाले. त्याने एकच महिना उशीर केला असता, तर डिसेंबरच्या वेतनातूनही ४,०७८ रुपये कापले जाऊन एकूण कपात १८,१५६ रुपये झाली असती. ती देय कराहून ९९६ रुपयांनी अधिक. अशा वेळी कार्यालय जानेवारी व फेब्रुवारीची कपात थांबवू शकले असते, परंतु ९९६ रुपये विवरणातूनच परत मागावे लागले असते. आणि फेब्रुवारीचे देयक गेल्यावर अर्ज दिला असता, तर सर्वच्या सर्व ९,१५२ रुपये परताव्यात अडकले असते.

परतावा मिळतो, पण विवरण भरून त्यावर प्रक्रिया होईपर्यंत काही महिने जातात. परताव्यावर दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते खरे. मात्र परताव्याची रक्कम निर्धारित कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल, तर व्याज नाही. १७,१६० रुपयांच्या दहा टक्के म्हणजे १,७१६ रुपये. म्हणून ९९६ रुपयांच्या परताव्यावर व्याज मिळाले नसते.

जे मागू नये ते

दुरुस्तीचा अर्ज लिहिताना कायद्यात नसलेली सूट मागितली, तर मूळ मागणीही संशयास्पद ठरते. मेळघाटात दोन गैरसमज आढळण्याजोगे आहेत.

अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आयकर नाही, हा त्यांपैकी एक. १९६१ च्या अधिनियमातील कलम १० (२६) ची सूट ही ईशान्येकडील ठराविक राज्ये व क्षेत्रे आणि लडाख येथे राहणाऱ्या अनुसूचित जमातींच्या व्यक्तींपुरती, तेथील उत्पन्नापुरती होती. मेळघाटातील कोरकू वा गोंड कर्मचाऱ्याला ती लागू झाली नाही. त्याचा कर इतर पगारदारांप्रमाणेच काढला जातो.

दुसरा समज आदिवासी क्षेत्रातील भत्त्याविषयी. आयकर नियम २-बब मध्ये अशा भत्त्यापैकी दरमहा २०० रुपये करमुक्त होते. परंतु ज्या राज्यांची नावे त्या यादीत होती, त्यांत मध्य प्रदेश, कर्नाटक, बिहार, ओरिसा इत्यादी असून महाराष्ट्र नव्हता. सेमाडोहपासून काही कोसांवर सीमेपलीकडे मध्य प्रदेशात ती सूट होती व इकडे नव्हती, हे विचित्र वाटले तरी खरे आहे. एकस्तर वेतनातील वाढ तर भत्ताच नव्हे; ते वेतन असल्याने पूर्णतः करपात्र आहे.

अर्ज मान्य झाल्यानंतर

अर्जाप्रमाणे डिसेंबरच्या वेतन चिठ्ठीत ४,०७८ ऐवजी १,०२८ रुपये दिसले, म्हणजे काम अर्धे झाले. उरलेले अर्धे वर्षअखेरीचे. चौथ्या तिमाहीचा नमुना २४-क्यू ३१ मेपर्यंत भरावयाचा असतो आणि त्यातच वर्षाचे एकूण वेतन व कलम ८९ ची सवलत कर्मचारीनिहाय नोंदली जाते. ती नोंद राहिली, तर कर कमी कापल्याचे दिसून कार्यालयाला नोटीस येते. १५ जूनपर्यंत मिळणाऱ्या नमुना १६ मध्ये कर्मचाऱ्याने दोन आकडे पाहावेत: सवलत ९,१५२ रुपये व एकूण कपात १७,१६० रुपये. हाच कपातीचा आकडा आयकर विभागाच्या संकेतस्थळावरील नमुना २६-एएस मध्येही असला पाहिजे. तेथे तो कमी असल्यास २४-क्यू चे दुरुस्ती विवरण भरण्याची विनंती करणारे स्वतंत्र पत्र कार्यालयास द्यावे.

शेवटची पायरी कर्मचाऱ्याची स्वतःची. कार्यालयाने सवलत दिली असली, तरी नमुना १०-ई आयकर विभागाच्या संकेतस्थळावर भरणे आवश्यक असते, आणि तेही विवरणापूर्वी. तो न भरता विवरणात सवलत दाखविली, तर प्रक्रियेत ती नामंजूर होऊन ९,१५२ रुपयांची मागणी येते. अर्जाने मिळविलेले तेथे गमावले जाते.

कलमांचे क्रमांक लिहिताना वर्षाकडेही लक्ष असावे. २०२५-२६ पर्यंतच्या वेतनास १९६१ चा अधिनियम लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या काळासाठी आयकर अधिनियम, २०२५ असून, त्यात वेतनावरील करकपातीची तरतूद कलम ३९२ मध्ये आहे. नमुन्यांचे क्रमांकही बदलले आहेत. कराचे दर व करमाफीच्या मर्यादाही वर्षागणिक बदलतात. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीतील करमाफीची मर्यादा बारा लाख करण्यात आली. म्हणून अर्जात ज्या वर्षाची कपात असेल, त्या वर्षीचेच कलम व त्याच वर्षीचा दर उद्धृत करावा. सेमाडोहच्या कर्मचाऱ्याच्या उदाहरणातील आकडे कोणाला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. परंतु थकबाकीचे वर्षनिहाय विवरणपत्र मिळविणे, प्रत्येक वर्षाचा कर स्वतंत्र काढणे आणि पुढील देयक तयार होण्यापूर्वी रुपयांत मागणी करणे, हा क्रम तोच राहील.